खुर्ची, उलटी

काकूंनी कागद हातात घेतला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "एवढ्या सगळ्यावर काट का मारलीस गं? काय चुकलं त्यात?"

चुकलं काहीच नव्हतं. वेबसाइटचा कच्चा आराखडा, ज्याला आम्ही वायरफ्रेम म्हणतो, तो काढताना जिथे फोटो यायचा तिथे चौकोन काढायचा आणि त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा मारायच्या, ही या कामातली जुनी पद्धत. मजकुराच्या जागी नागमोडी रेघ, बटणाच्या जागी गोल कोपऱ्यांचा आयत. दहा वर्षं मी हे काढतेय आणि समोरच्याला ते आपोआप कळतं असं धरून चाललेय. पण काका-काकूंच्या या खुर्चीदुरुस्तीच्या दुकानात चाळीस वर्षं वहीतल्या नोंदीवर काट मारली की ते काम एकतर संपलं किंवा रद्द झालं. त्यामुळे काकूंना माझ्या पानावर बारा कामं रद्द झालेली दिसत होती. मी खोडरबर काढला, काटा पुसल्या आणि प्रत्येक चौकोनात सरळ अक्षरांत लिहिलं: "फोटो: खुर्ची, आधी". शेजारी "फोटो: खुर्ची, नंतर".

लिहिताना मला ठाऊक नव्हतं, पण त्या दोन शब्दांनी पुढचा आठवडा खाल्ला. त्याकडे येतेच.

दुकान पुण्यात नाना पेठेतल्या एका गल्लीत आहे. मुख्य काम वेताच्या खुर्च्या विणून देण्याचं. जोडीला जुन्या लाकडी सामानाचं पॉलिश, हललेल्या सांध्यांची दुरुस्ती, कधी एखादा दिवाण. पेठांतले वाडे पाडून इमारती झाल्या, तसं वाड्यातलं सागवानी सामान मुलांबरोबर बाणेर, वाकड, वाघोलीला गेलं. आजोबांची आरामखुर्ची आता चौदाव्या मजल्याच्या बाल्कनीत आहे आणि तिची जाळी फाटलीय. ती विणून देणारे काका मात्र नाना पेठेतच आहेत, आणि चौदाव्या मजल्यावरच्या माणसाला ते सापडत नाहीत. "एक वेबसाइट करून दे," एवढंच काका म्हणाले होते. आणि लगेच, "रंग मरून ठेव. लाकडाला शोभतो."

मरून शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. सहा-सात वर्षांपूर्वी एका शिकवणीच्या वर्गाची साइट मी पहिल्या झटक्यात पूर्ण रंगवून दाखवली होती. खरोखर देखणी झाली होती. घरातले चौघं बसले आणि तीन आठवडे आम्ही मरूनवर बोललो. गडद हवा, फिका हवा, लोगोतला वेगळा दिसतोय, मुलीला जांभळा हवाय. शेवटी रंग ठरला, साइट चढली, आणि महिन्याभरानं त्यांनीच विचारलं की फोन का येत नाहीत. फोन नंबर पानाच्या तळाशी होता, गडद पट्टीवर बारीक अक्षरांत. तीन आठवड्यांत पाच जोडी डोळ्यांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं, कारण सगळे रंग बघत होते. त्या वर्गाची चूक नव्हती; मी समोर जे ठेवलं त्यावर ते बोलले. रंगावर मत द्यायला काही माहीत असावं लागत नाही, म्हणून रंग दिसला की माणूस रंगावर बोलतो. तेव्हापासून पहिली भेट पेन्सिलीची. नुसत्या पेन्सिलीची, माझ्या पिशवीत निळं पेनही नसतं.

काकांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडे पण गिऱ्हाईक आधी शेडच विचारतं. पॉलिश पेपर मारून लाकूड खालून कसलं निघतंय ते बघितल्याशिवाय मी शेड सांगत नाही." एवढं बोलून त्यांनी मरूनचा विषय सोडला. मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच सोपं गेलं.

कागद कुठला घ्यावा याबद्दल माझा एक हट्ट आहे. कोऱ्या कागदावर हात मोकळा सुटतो आणि माणूस स्वतःलाच फसवतो. सहा सेंटिमीटरच्या पडद्यावर न मावणारी गोष्ट कागदावर आरामात मावते. म्हणून अप्पा बळवंत चौकातून शाळेची आलेख वही आणते. साध्या फोनच्या पडद्याची रुंदी वेबसाइटच्या हिशेबात साधारण ३६० पिक्सेल धरतात. आलेख कागदावर ६ सेंटिमीटर रुंद चौकट काढली की १ मिलिमीटर म्हणजे ६ पिक्सेल. पाढा एवढाच. बोटानं दाबायचं बटण ४८ पिक्सेल उंच असावं असं अँड्रॉइडचं मार्गदर्शन सांगतं, म्हणजे कागदावर ८ मिलिमीटर. वर नावाची पट्टी ६० पिक्सेलची, म्हणजे १ सेंटिमीटर. ब्राउझरच्या स्वतःच्या पट्ट्या वजा केल्या तर साइट उघडल्या उघडल्या जे दिसतं ते वरचे साधारण ११ सेंटिमीटर. तिथे मी एक आडवी तुटक रेघ मारते. रेघेच्या खालचं बघायला अंगठा हलवावा लागणार.

या मापाचा दुसरा फायदा असा की ६ सेंटिमीटर म्हणजे खऱ्या फोनपेक्षा थोडीच लहान चौकट. कागद हातात फोनसारखा धरता येतो आणि अंगठा कुठे पोचतो ते लगेच कळतं. संगणकावर रुंद पान आधी काढून ते फोनसाठी आवळायला गेलं की सगळं एकाखाली एक कोसळतं आणि क्रम आपण ठरवलेला नसतो, तो आपसूक पडलेला असतो. मी आधी फोन काढते. मोठ्या पडद्याचं पान शेवटी एकाच कागदावर, अर्ध्या तासात होतं.

पण चौकट काढण्याआधी मी एक पूर्ण सकाळ दुकानात स्टुलावर बसले आणि येणारे फोन ऐकले. अकरा आले. पाच जणांनी विचारलं, "किती घ्याल?" तिघांनी, "घरी येऊन नेता का?" दोघांना दुकान सापडत नव्हतं, त्यातला एक शेजारच्या गल्लीत उभा राहून बोलत होता. एक चुकून लागलेला. दुकान कधी सुरू झालं, कोणी सुरू केलं, हे एकानंही विचारलं नाही. मी वहीत नुसत्या उभ्या रेघा मारत होते, त्यामुळे काकांना वाटलं मी हजेरी घेतेय.

मग चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक भागाची एक, ६ सेंटिमीटर रुंद: नावाची पट्टी, सेवा, कामाचे फोटो, संपर्क. पाचवी चिठ्ठी काकांनी मागून घेतली: वडिलांचा फोटो. दुकान वडिलांनी घातलेलं. भिंतीवर हार घातलेली तसबीर आहे, तीच साइटच्या माथ्यावर हवी. यावर वाद घालायचा नसतो, आणि मी घातलाही नाही. चिठ्ठ्या कट्ट्यावर पसरल्या आणि म्हटलं, "तुम्हीच लावा, वरून खाली." काकांनी तसबीर सगळ्यात वर लावली. ती चौकट मी मापात काढली होती: चेहरा ओळखू येईल एवढी म्हणजे ५ सेंटिमीटर उंच. वरच्या ११ सेंटिमीटरपैकी १ नावाला गेला, ५ वडिलांना. तुटक रेघेच्या वर उरले पाच, आणि त्यात सेवांचं नुसतं शीर्षक आणि दीड ओळ मावली.

काका बघत राहिले. त्याच वेळी फोन वाजला. काकू आतून बोलल्या, "हो, वेताचं करतो... हो, आरामखुर्ची पण करतो... नाही, प्लास्टिकची वायर नको असेल तर खरा वेत." फोन ठेवून बाहेर आल्या तोवर काकांनी तसबिरीची चिठ्ठी उचलून फोटोंच्या खाली आणि संपर्काच्या वर ठेवली होती. तिथे ती बरोबर बसते, असं माझंही मत आहे. नंबर लावण्याआधी माणसाला वाटतंच, की घरातली जुनी वस्तू आपण कोणाच्या हातात देतोय. रंगवलेल्या पानावर हा प्रश्न निघाला असता तर आम्ही चौकटीला सोनेरी कड हवी का यावर बोललो असतो.

नावाच्या पट्टीत फार वेळ गेला नाही. दुकानाचं नाव आणि खाली एक ओळ: "वेताच्या खुर्च्या विणणे आणि जुन्या लाकडी सामानाचं पॉलिश, नाना पेठ, पुणे". ही ओळ मी नागमोडी रेघेनं दाखवत नाही, अक्षरांनीच लिहिते, आणि मराठीत तर लिहायलाच हवी. नागमोडी रेघ कधी दुसऱ्या ओळीवर जात नाही. खरं वाक्य जातं. फोनवर वाचण्याजोग्या आकारात मराठी मजकुराच्या एका ओळीत पाच-सहा शब्द बसतात. त्यात वर वेलांट्या, मात्रा, खाली उकार, म्हणून दोन ओळींत जागाही जास्त सोडावी लागते. माझ्या मनात एक ओळ होती ती कागदावर तीन ओळींची झाली आणि पट्टी १ सेंटिमीटरची दोन झाली. म्हणून पट्टीत फक्त नाव ठेवलं आणि बाकीची ओळ पट्टीखाली मोकळी सोडली. तीन रेघांचं मेन्यूचं चिन्ह काढलंच नाही. एकाच पानावर चार भाग. त्यांची यादी घडी घालून लपवायची आणि वर लोकांना ती उघडायला लावायची, याचं प्रयोजन मला कधी कळलेलं नाही.

सेवा हा भाग मला सोपा वाटला होता आणि तिथेच मी अडकले. काकांनी सांगितल्याप्रमाणे मी लिहिलं: केनिंग, मेलामाइन पॉलिश, पीयू पॉलिश, चपडा पॉलिश, सुतारकाम. पाच सारखे चौकोन, प्रत्येकाच्या डोक्यावर एक छोटं चित्र. दिसायला व्यवस्थित. तेवढ्यात एक आजी आल्या, मोडकी खुर्ची रिक्षातून घेऊन. कोथरूडहून आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "आजी, या कागदावर तुमची खुर्ची कुठे आहे?" त्यांनी पाचही चौकोन वाचले. मग म्हणाल्या, "खुर्चीची जाळी कुठे लिहिलीय? हे केनिंग म्हणजे छडी का?"

दुकानदार कामाला त्याच्या पद्धतीवरून ओळखतो आणि गिऱ्हाईक वस्तूच्या दुखण्यावरून. त्यांना फाटलेली जाळी, उडालेलं पॉलिश, डुगडुगणारा पाय माहीत असतो. मेलामाइन की पीयू हा प्रश्न त्यांच्या डोक्यात नसतोच. तो काकांनी वस्तू बघून सांगायचा असतो. मग पाचाचे तीन झाले: "खुर्चीची जाळी फाटली", "पॉलिश उडालं, डाग पडले", "सांधे हलतात, पाय मोडला". प्रत्येकाखाली एकच ओळ. पॉलिशच्या तीन जाती दुसऱ्याच्या ओळीत गेल्या.

आणि तिन्ही चौकोन सारखे ठेवायचे का? काकांना विचारलं, दहा कामांत जाळीची किती? "सात. कधी आठ." सारखे चौकोन म्हणजे तिन्ही कामं सारखी, असं पान सांगतं, आणि ते खोटं होतं. म्हणून जाळीचा चौकोन पूर्ण रुंदीचा, त्यात फोटो. बाकीची दोन त्याच्याखाली साध्या ओळी. डोक्यावरची छोटी चित्रं गेली. ब्रशचं चित्र म्हणजे पॉलिश की रंगकाम, हे त्या आजींना मी नक्कीच सांगू शकले नसते.

आता ते दोन शब्द. आधी, नंतर.

कामाच्या फोटोंसाठी मी बारा चौकोन काढले होते, सहा जोड्यांचे. काकांच्या फोनमध्ये चारशेच्या वर फोटो. मी निश्चिंत. बसून सगळे बघितले तेव्हा कळलं की फोटो जवळजवळ सगळे "नंतर"चे आहेत. साहजिक आहे, काम झालं की माणूस कौतुकानं फोटो काढतो, फाटकी खुर्ची आली की तिला आत नेऊन ठेवतो. आधी आणि नंतर दोन्ही मिळाले ते फक्त तीन खुर्च्यांचे. त्यातल्या एकीचा "आधी" समोरून, "नंतर" बाजूनं, त्यामुळे ती एकच खुर्ची आहे हे सांगावं लागत होतं. रिकाम्या चौकोनात नुसती काट असती तर हे साइट चढवायच्या आदल्या रात्री कळलं असतं. मग मी घाईनं कुठूनतरी छान छान फोटो गोळा केले असते. पूर्वी केलेत.

बाराचे सहा चौकोन केले. मग दुसरी अडचण. फोनवर दोन फोटो शेजारी ठेवले तर कडेची आणि मधली जागा सोडून प्रत्येकी १६० पिक्सेल उरतात, कागदावर पावणेतीन सेंटिमीटरला जरा कमी. खुर्चीची बैठक साधारण ४५ सेंटिमीटर रुंद. ती तीन सेंटिमीटरच्या आत बसवली म्हणजे पंधरापटीहून जास्त लहान झाली. जाळीचं एक घर सेंटिमीटरभराचं, ते मिलिमीटरपेक्षाही बारीक. म्हणजे जे विकायचं तेच दिसणार नाही. करडा ठिपका दिसेल. पेन्सिलीनं त्या मापात मी जाळी काढायला गेले तर नुसतं काळं झालं, तेव्हा काका हसले. शेवटी असं ठरलं: आधी-नंतरचे दोन फोटो शेजारी, कारण तुलना शेजारीच होते, आणि त्यांच्याखाली पूर्ण रुंदीचा एक, फक्त तळहाताएवढ्या जाळीचा जवळून घेतलेला. अशा तीन जोड्या.

दुकानाच्या दारात, जिथे सकाळचा उजेड येतो, तिथे काकांनी खडूनं फरशीवर दोन खुणा केल्या. एक खुर्चीच्या पुढच्या पायांची, एक आपण कुठे उभं राहायचं त्याची. आलेली प्रत्येक खुर्ची आधी त्या खुणेवर. हे काम वेबसाइटचं नाही, पण आराखड्यातूनच निघालं.

संपर्काच्या भागात मी सवयीनं अर्ज काढला होता: नाव, फोन, ईमेल, संदेश, "पाठवा". प्रत्येक रकाना ८ मिलिमीटर, मध्ये जागा, एकूण पावणेसहा सेंटिमीटर. काकांनी विचारलं, "हे भरल्यावर कुठे येणार?" म्हटलं, ईमेलवर. "मी ईमेल दिवाळीला बघतो." अर्ज गेला.

मग मुख्य प्रश्न उरला, जो अकरापैकी पाच फोनांवर होता: किती घ्याल? काकांचं नेहमीचं उत्तर, "बघितल्याशिवाय नाही सांगता येणार." मला ते टाळाटाळ वाटायचं. त्या दिवशी त्यांनी दोन खुर्च्या उलट्या करून दाखवल्या. वरून दोन्हींची जाळी अगदी सारखी. एकीच्या चौकटीला खालून कडेनं ओळीत भोकं होती, आणि वेत त्या भोकांतून ओवलेला: उभा, आडवा, मग तिरका. ही हातविण. भोकं मोजली की काम किती ते समजतं, आणि तिला दिवस लागतात. दुसरीला भोकंच नव्हती. वरच्या बाजूला कडेनं एक खाच, त्यात तयार विणलेल्या जाळीचा तुकडा ताणून बसवलेला आणि वरून वेताची पट्टी ठोकलेली. हिचं काम वेगळं, वेळ वेगळा, पैसे वेगळे. गिऱ्हाईक फोनवर दोघींनाही "जाळीची खुर्ची"च म्हणतं. म्हणजे काकांना किंमत सांगायला खुर्ची बघायला लागत नाही, खुर्चीचा तळ बघायला लागतो.

मी संपर्काची चिठ्ठी पुसून पुन्हा काढली. वर एक वाक्य: "अंदाज हवा असेल तर तीन फोटो पाठवा". खाली तीन छोटे चौकोन: "समोरून", "जाळी जवळून", "खुर्ची, उलटी". त्याखाली दोन बटणं. व्हॉट्सॲपच्या लिंकमधून फोटो आपोआप जोडता येत नाहीत, फक्त संदेश आधीच लिहून ठेवता येतो. म्हणून त्या संदेशातच तिन्ही फोटोंची आठवण घातली. पुढे प्रत्यक्षात हे एवढंच होणार होतं:

```html
<a href="tel:+91XXXXXXXXXX">फोन करा</a>
<a href="https://wa.me/91XXXXXXXXXX?text=समोरून,%20जवळून,%20उलटी">फोटो पाठवा</a>
```

पहिल्यात अधिकचं चिन्ह लागतं, दुसऱ्यात चालत नाही. तिथे नुसते 91 आणि नंबर. यावर माझी एक संध्याकाळ पूर्वी वाया गेलीय.

नंबर कोणाचा, हेही त्या चौकोनात लिहिताना ठरलं. मी काकांचा लिहिला. काकू म्हणाल्या, "यांचे हात चपड्यात असतात. फोन मीच उचलते. माझा लिही." इतकी वर्षं दुकानाच्या पाटीवर काकांचा नंबर आहे आणि तो फोन काकूंच्या कट्ट्यावर ठेवलेला असतो. फोटो बघून भोकं की खाच हे काकूही सांगू शकतात, हे त्या दिवशी काकांनाही नव्यानं कळलं असावं. ते काही बोलले नाहीत.

पत्त्याच्या जागी मी नकाशाचा मोठा चौकोन काढला होता. फोनवर पान सरकवताना अंगठा त्यात अडकतो आणि पानाऐवजी नकाशा हलू लागतो. शिवाय नकाशावरची खूण शेजारच्या गल्लीत पडत होती. त्याऐवजी तीन ओळींचा पत्ता: कुठल्या चौकातून वळायचं, टेम्पो गल्लीत येत नाही तो कुठे थांबवायचा, आणि खाली नकाशाची साधी लिंक. खूण सरकवण्याचं काम वेगळं लिहून ठेवलं.

मग सगळ्या चिठ्ठ्या डिंकानं एकाखाली एक चिकटवल्या. कागदाची लांब पट्टी झाली, पाऊण मीटरची. आजींसारख्या आणखी तिघांच्या हातात ती दिली आणि प्रत्येकाला एकच सांगितलं: "तुमच्या खुर्चीला किती पैसे पडतील ते शोधा." दोघं संपर्कापर्यंत बरोबर पोचले. तिसरे गृहस्थ सेवांपाशीच थांबले आणि फाटलेल्या जाळीच्या चौकोनावर बोट आपटत राहिले. त्यांना तिथेच काहीतरी व्हायला हवं होतं. बरोबर होतं त्यांचं. त्या चौकोनात मी "अंदाजासाठी फोटो पाठवा" हे ८ मिलिमीटरचं बटण घातलं, जे थेट खाली नेतं. नावाची पट्टी सरकताना वर चिकटून राहावी असं मला वाटत होतं, पण मग अकरातला एक सेंटिमीटर कायमचा जातो. पट्टी सोडली, बटण ठेवलं.

एक गोष्ट मात्र पेन्सिलीला जमली नाही, आणि ती मी आधी कबूल करायला हवी होती. पॉलिशच्या कामात आधी आणि नंतर यांतला फरक बहुतेक रंगाचाच असतो. पांढरे डाग पडलेलं, उन्हानं विटलेलं सागवान आणि पॉलिश झालेलं सागवान माझ्या चौकोनांत अगदी सारखे दिसतात. कुठली जोडी घ्यावी, शेजारी ठेवावी की एकाखाली एक, हे करड्या चौकोनांवर ठरवायला गेलो तर आम्ही अंधारात चाचपडत होतो. तेवढा एक भाग रंगीत फोटो छापून, कागदावर चिकटवून ठरवला. त्यातही फोटो सोडून बाकी सगळं करडंच ठेवलं. काकांनी तेवढ्यात एकदा मरूनची आठवण काढली. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

पट्टी आता दुकानात कॅलेंडरशेजारी टांगलीय, खालच्या टोकाला कपड्याचा चिमटा लावून. सगळ्या चौकोनांत काय येणार ते ठरलंय, एक सोडून. लोकांनी तळाचा फोटो कसा काढायचा हे दाखवणारा नमुन्याचा फोटो अजून नाही. काल काकांनी काढून पाठवला, त्यात अर्धी खुर्ची आणि अर्धा त्यांचा पाय आहे. परवा सकाळी, दारात तिरका उजेड येईल तेव्हा, कोथरूडच्या आजींची खुर्ची खडूच्या खुणेवर पालथी घालून पुन्हा काढायचा ठरलाय. तिच्या कडेला एकशेआठ भोकं आहेत, काकूंनी मोजली. तोवर त्या चौकोनात माझ्याच अक्षरात, पेन्सिलीनं, तेवढं लिहिलेलं आहे: खुर्ची, उलटी.